केमोआधी सलाइन कशासाठी?

प्रश्न: माझ्या ९ वर्षांच्या भाच्याला पोटातला बर्किट लिम्फोमा असल्याचे निदान झाले आहे. हा आजार फार झपाट्याने वाढतो असे डॉक्टर स्वतःच सांगतात, पण केमो लगेच सुरू न करता त्यांनी आधी नुसते सलाइन लावून ठेवले आहे. "पेशी एकदम मेल्या तर किडनी जाईल," असे ते म्हणाले. कॅन्सरच्या पेशी लवकर मेल्या तर चांगलेच ना? त्याचा किडनीशी काय संबंध, आणि हे टाळतात कसे?

उत्तर: पेशी लवकर मरणे चांगलेच आहे. बर्किट लिम्फोमाच्या पेशी औषधाला इतक्या लवकर बळी पडतात, म्हणूनच हा आजार एवढा आक्रमक असूनही बहुतेक मुलांमध्ये पूर्ण बरा होऊ शकतो. अडचण येते ती त्यानंतर. मेलेली पेशी जागच्या जागी नाहीशी होत नाही. ती फुटते, तिच्यात भरलेले सारे रक्तात उतरते, आणि त्यातले बरेचसे शरीराबाहेर काढण्याची मुख्य वाट म्हणजे लघवी. जेवढे रक्तात उतरते तेवढेच लघवीवाटे निघून जात राहिले, तर मुलाला काही कळतही नाही. उतरण्याचा वेग निघून जाण्याच्या वेगापेक्षा वाढला, की जे घडते त्याला ट्यूमर लायसिस सिंड्रोम म्हणतात. हा दुसरा वेग आधीच वाढवून ठेवणे हे सलाइनचे काम आहे, आणि ते लावले त्या तासापासूनच आपल्या भाच्याचा उपचार सुरू झाला आहे.

मी गेली वीसहून अधिक वर्षे मुलांच्या रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या कॅन्सरवर उपचार करतो. आपल्या भाच्याच्याच वयाच्या, याच आजाराच्या एका मुलाच्या उदाहरणावरून सांगतो, म्हणजे आकड्यांना अर्थ येईल. त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलाचे वजन २२ किलो होते. तीन आठवड्यांत पोट एवढे फुगले होते की शाळेच्या पँटचे बटण लागत नव्हते. सोनोग्राफीत पोटात मोठी गाठ होती, दोन्ही मूत्रपिंडे आकाराने वाढलेली होती, आणि उजव्या बाजूची मूत्रनलिका गाठीखाली दबून मूत्रपिंडात थोडी लघवी तुंबलेली होती.

गाठीचे वजन आम्ही अंदाजे एक किलो धरले. एक किलो गाठ म्हणजे ढोबळमानाने एक लाख कोटी पेशी. आता एकच घटक घेऊन हिशेब करू. पोटॅशियम रक्तात फार थोडे असते, लिटरमागे साधारण ४ मिलीइक्विव्हॅलंट. पेशीच्या आत मात्र ते लिटरमागे १४० च्या आसपास असते. म्हणजे एक किलो गाठीत ८० ते ९० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम साठलेले आहे. या मुलाच्या शरीरात पेशींच्या बाहेर जेवढे द्रव आहे, त्या सगळ्यात मिळून पोटॅशियम भरते जेमतेम वीस-बावीस. गाठीचा निम्मा भाग एका दिवसात विरघळला, तर बाहेर असलेल्या पोटॅशियमच्या जवळजवळ दुप्पट पोटॅशियम चोवीस तासांत बाहेर येते. निरोगी मूत्रपिंडे हा भार बऱ्यापैकी काढून टाकतात. मूत्रपिंडे मंदावली असतील तर तो थेट हृदयाच्या ठोक्यावर येतो. ट्यूमर लायसिसमध्ये अचानक मृत्यू होतो तो बहुधा यानेच, पण त्याची सुरुवात मूत्रपिंडापासून झालेली असते. म्हणून आधी मूत्रपिंडाचेच पाहू.

पेशीच्या केंद्रकात डीएनए असतो, आणि ज्या पेशी सतत विभागत असतात त्यांच्यात तो भरपूर असतो. तो मोडला की प्युरीन नावाचे घटक सुटतात. यकृतात त्यांचे आधी हायपोझॅन्थिन, मग झॅन्थिन आणि शेवटी युरिक अ‍ॅसिड होते. बहुतेक सस्तन प्राणी इथे थांबत नाहीत. त्यांच्याकडे यूरेट ऑक्सिडेज नावाचे विकर असते आणि ते युरिक अ‍ॅसिडचे आणखी सहज विरघळणाऱ्या अ‍ॅलँटॉइनमध्ये रूपांतर करते. माणसाच्या पूर्वजांनी हे विकर उत्क्रांतीत गमावले. त्यामुळे आपली साखळी युरिक अ‍ॅसिडपाशी अडते, आणि युरिक अ‍ॅसिड पाण्यात, विशेषतः आम्लधर्मी पाण्यात, फार कमी विरघळते. पीएच ७ असलेल्या लघवीत ते शंभर मिलिलिटरमागे सुमारे २०० मिलिग्रॅम मावते. पीएच ५ ला जेमतेम १५.

आता हे मूत्रपिंडात कुठे घडते ते पाहावे. मोठ्या माणसाची मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, पण लघवी होते दीड-दोन लिटर, कारण गाळलेले बहुतेक पाणी पुढच्या बारीक नलिकांमध्ये परत शोषले जाते. गाळणीपाशी द्रव पातळ असतो. नलिकांच्या शेवटच्या टप्प्यात तोच दाट झालेला असतो आणि आम्लधर्मीही. म्हणजे जिथे युरिक अ‍ॅसिडची दाटी सर्वांत जास्त, तिथेच ते सर्वांत कमी विरघळते. तिथे त्याचे स्फटिक बनतात, नलिका बुजतात, मागचा दाब वाढतो आणि गाळणे थांबते. स्फटिक झाले नाहीत तरीही वाढलेले युरिक अ‍ॅसिड मूत्रपिंडातल्या रक्तवाहिन्या आकसून रक्तपुरवठा कमी करते. लघवी कमी झाली की उरलेली आणखी दाट होते, दाट झाली की आणखी स्फटिक होतात. हे चक्र एकदा फिरू लागले की काही तासांत मूल लघवी करणे बंद करते.

दुसरा दोषी फॉस्फेट. लिम्फोमाच्या आणि रक्ताच्या कर्करोगाच्या अपक्व पेशींमध्ये फॉस्फरस निरोगी लिम्फोसाइटच्या चौपटीपर्यंत असू शकतो. तो रक्तात आला की रक्तातल्या कॅल्शियमला धरतो, आणि दोघे मिळून कॅल्शियम फॉस्फेटचे कण मूत्रपिंडात साचतात. रक्तातले कॅल्शियम त्यामुळेच खाली जाते. युरिक अ‍ॅसिडवर आज इतकी चांगली औषधे आहेत की मोठ्या केंद्रांत मूत्रपिंडाला इजा होते ती बरेचदा फॉस्फेटमुळे, आणि फॉस्फेटवर तसे जोरकस औषध आमच्याकडे नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

मुलाचा पहिला रिपोर्ट असा होता: युरिक अ‍ॅसिड ११.२, पोटॅशियम ४.६, फॉस्फरस ५.२, कॅल्शियम ८.८, आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे मंदावली की रक्तात वाढणारा टाकाऊ घटक, ०.९. एलडीएच, म्हणजे पेशींची उलाढाल दाखवणारे विकर, नेहमीच्या मर्यादेच्या कित्येक पट. आमच्याकडे येण्याआधी ज्यांनी हा कागद पाहिला त्यांनी "किडनी नॉर्मल आहे" असे आईवडिलांना सांगितले होते, कारण ०.९ हा आकडा छापील मर्यादेच्या आत होता. ती मर्यादा मोठ्या माणसाची होती. नऊ वर्षांच्या, २२ किलोच्या मुलाचे क्रिएटिनिन ०.४ ते ०.५ च्या आसपास असायला हवे. म्हणजे औषधाचा एक थेंबही जाण्याआधी त्याच्या मूत्रपिंडांची क्षमता जवळपास निम्म्यावर आली होती. आपल्या भाच्याच्या डॉक्टरांना हा एक प्रश्न अवश्य विचारावा: "त्याच्या वयाला क्रिएटिनिन किती हवे, आणि आज किती आहे?"

युरिक अ‍ॅसिड एवढे वाढलेले, पण फॉस्फरस मात्र ठीक, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. बर्किटची गाठ एका दिवसात दुप्पट होण्याच्या वेगाने वाढू शकते, आणि त्या धावपळीत तिच्या पेशी आपोआपही मरत असतात. मरणाऱ्या पेशींतून सुटलेले फॉस्फेट शेजारच्या वाढणाऱ्या पेशी वापरून टाकतात. युरिक अ‍ॅसिड मात्र कोणाच्याच उपयोगाचे नसते, ते साचत जाते. केमो सुरू झाली की वाढ थांबते, फॉस्फेट घेणारे कोणी उरत नाही, आणि तोही उसळतो. म्हणून केमोआधीचा चांगला फॉस्फरस पाहून मी कधी निश्चिंत होत नाही.

थांबावे किती, हा खरा निर्णय इथे असतो. रोज दुप्पट होऊ शकणाऱ्या गाठीपुढे आठवडाभर थांबणे हा गुन्हाच ठरेल. पण २४ ते ४८ तास थांबून युरिक अ‍ॅसिड खाली आणणे आणि लघवीचा प्रवाह उभा करणे बहुतेक वेळा परवडते. या मुलाच्या बाबतीत आम्ही ३० तास थांबलो. त्यातल्या प्रत्येक तासाला काम होते.

मुख्य औषध पाणी. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे दिवसाला २.५ ते ३ लिटर, म्हणजे नेहमीच्या गरजेच्या साधारण दुप्पट, शिरेतून दिले जाते. या मुलाचा पृष्ठभाग ०.८५ चौरस मीटर. म्हणून दिवसाला सुमारे २५५० मिलिलिटर, तासाला १०६. भरपूर पाणी गाळणीपाशी रक्ताचा ओघ वाढवते, आणि नलिकांमध्ये द्रव दाट व्हायला वेळच देत नाही. सलाइन कोणते हेही महत्त्वाचे: ग्लुकोज आणि मीठ असलेले चालते, पण त्यात पोटॅशियम घालत नाहीत. एरवी वॉर्डात सर्रास लावले जाणारे रिंगर लॅक्टेट इथे आम्ही टाळतो, कारण त्यात पोटॅशियमही असते आणि कॅल्शियमही. याच कारणाने नारळपाणी बंद. आजारी मुलाला नारळपाणी देणे हा आपल्याकडचा प्रेमाचा रिवाज आहे आणि मामा-मावशी ते घेऊनच भेटायला येतात, पण नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असते. केळी, मोसंबीचा रस आणि दुकानातले ओआरएससुद्धा या आठवड्यात डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. वेदनेसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्याही नकोत. त्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात.

पाणी किती गेले यापेक्षा लघवी किती झाली हे मोजणे जास्त महत्त्वाचे आहे. ध्येय असते दर चौरस मीटरमागे तासाला ८० ते १०० मिलिलिटर. या मुलासाठी तासाला ७० ते ८५, म्हणजे चार तासांत सुमारे ३०० किंवा त्याहून थोडे जास्त. त्याच्या आईला आम्ही खुणा असलेले भांडे आणि एक वही दिली. प्रत्येक वेळची लघवी भांड्यात मोजायची, वेळ आणि आकडा लिहायचा. त्या फारशा शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांच्या वहीएवढी नेटकी नोंद मला आमच्या स्वतःच्या तक्त्यांतही क्वचित दिसते.

पहिल्या रात्री दोन ते सहा या वेळात वहीत फक्त १७० मिलिलिटर होते. त्यांनी नर्सला उठवले, नर्सने निवासी डॉक्टरांना. अशा वेळी सरळ लघवीचे इंजेक्शन देण्याचा मोह होतो, आणि तो आवरायला हवा. आधी तीन गोष्टी पाहायच्या असतात: सलाइन खरोखर शिरेत जाते आहे की हात सुजून बाहेर साचते आहे, मुलाच्या शरीरात पाणी कमी आहे की जास्त, आणि लघवीच्या वाटेत अडथळा आहे का. सलाइन व्यवस्थित चालू होते, मुलाचे वजन आदल्या संध्याकाळपेक्षा ८०० ग्रॅमने वाढले होते, फुप्फुसे स्वच्छ होती, आणि सोनोग्राफीत उजव्या मूत्रपिंडातली तुंबलेली लघवी वाढलेली नव्हती. म्हणजे पाणी आत होते, बाहेर पडत नव्हते. तेव्हा फ्युरोसेमाइड दिले आणि पुढच्या दोन तासांत २२० मिलिलिटर लघवी झाली. हेच इंजेक्शन शरीर कोरडे असताना दिले असते, तर रक्तातले पाणी आणखी कमी होऊन स्फटिकांनाच मदत झाली असती. म्हणून अशा मुलाचे वजन आम्ही दिवसातून दोनदा घेतो.

जुन्या पद्धतीत सलाइनमध्ये सोडा बायकार्बोनेट घालून लघवी अल्कधर्मी करत. मीही माझ्या शिक्षणाच्या काळात ते केले आहे. युरिक अ‍ॅसिडची वर दिलेली विद्राव्यता पाहता ते तर्कशुद्ध वाटते, पण अल्कधर्मी लघवीत कॅल्शियम फॉस्फेट उलट लवकर साचते, आणि झॅन्थिनच्या विद्राव्यतेत तर विशेष फरक पडत नाही. एका स्फटिकापासून वाचवताना आपण दुसऱ्याला वाट करून देतो. म्हणून आता नेमाने सोडा देत नाहीत. काही ठिकाणी तो अजूनही सवयीने सुरू केला जातो, ही मला खरी काळजीची गोष्ट वाटते.

आता औषधे. अ‍ॅलोप्युरिनॉल ही जुनी, स्वस्त गोळी. झॅन्थिनचे युरिक अ‍ॅसिड करणारे विकर ती अडवते. तिच्या दोन मर्यादा समजून घ्याव्यात. आधीच तयार झालेल्या युरिक अ‍ॅसिडला ती हात लावत नाही, त्यामुळे परिणाम दिसायला दोन-तीन दिवस जातात. आणि साखळी अलीकडे अडवल्यामुळे झॅन्थिन साचते, तेही फारसे विरघळत नाही. ज्याचे युरिक अ‍ॅसिड सुरुवातीला ठीक आहे, गाठ लहान आहे, मूत्रपिंडे चांगली आहेत, त्याला ही गोळी आणि पाणी पुरते. ११.२ असलेल्या या मुलाला ती पुरणार नव्हती.

त्याला रासब्युरिकेज दिले. उत्क्रांतीत आपण गमावलेले विकर बाहेरून देण्यासारखेच हे आहे: अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीतले जनुक यीस्टमध्ये घालून ते तयार करतात. साचलेल्या युरिक अ‍ॅसिडचे ते थेट अ‍ॅलँटॉइन करते, आणि चार तासांत आकडा कोसळतो. अधिकृत मात्रा दर किलोला ०.२ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, पाच दिवसांपर्यंत अशी आहे. औषध महाग आहे, आणि अनुभव असा की बऱ्याच मुलांना एका लहान मात्रेनेही पुरते. मग युरिक अ‍ॅसिड पुन्हा मोजून, गरज असेल तरच पुढची मात्रा देतात. या मुलाला आम्ही ३ मिलिग्रॅम एकदा दिले. हे देताना अ‍ॅलोप्युरिनॉल थांबवतात, कारण रासब्युरिकेज ज्याच्यावर काम करते ते युरिक अ‍ॅसिडच ती तयार होऊ देत नाही.

हे औषध देण्याआधी एक तपासणी टाळून चालत नाही, ती म्हणजे जी-६-पीडी. युरिक अ‍ॅसिड मोडताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. ज्यांच्या तांबड्या पेशींत जी-६-पीडी हे विकर कमी असते त्यांच्या पेशी ते सोसू शकत नाहीत. त्या फुटतात, आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमताही घटते. ही कमतरता आनुवंशिक आहे, मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त दिसते, आणि आपल्याकडे पारशी समाजात तसेच काही आदिवासी समाजांत तिचे प्रमाण अधिक आहे. कुटुंबात कोणाला मलेरियाच्या गोळ्यांनंतर कावीळ किंवा लाल-काळी लघवी झाली असेल, तर ते न विसरता सांगावे. भाच्याला नुकतेच रक्त चढवले असेल तर तेही सांगावे, कारण तपासणीत मग रक्तदात्याच्या पेशी मोजल्या जाऊन रिपोर्ट खोटा चांगला येऊ शकतो.

या औषधाचा आणखी एक सापळा आहे, आणि तो मी जवळून पाहिला आहे. रासब्युरिकेज रक्त काढल्यानंतर नळीतसुद्धा काम करत राहते. खोलीच्या तापमानाला नळी तासभर पडून राहिली तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत युरिक अ‍ॅसिड तिथेच मोडून जाते आणि रिपोर्ट खोटा कमी येतो. म्हणून थंड केलेल्या नळीत रक्त घेऊन, बर्फात ठेवून, लगेच पाठवावे लागते. केमो सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी या मुलाचा एक नमुना साध्या डब्यातून गेला आणि आकडा आला ०.५. बर्फातून पाठवलेला दुसरा नमुना आला ४.४. आम्ही पहिल्यावर विसंबलो असतो तर युरिक अ‍ॅसिड पुन्हा चढू लागल्याचे कळलेच नसते.

तीस तासांनी क्रिएटिनिन ०.७ वर, युरिक अ‍ॅसिड १ च्या खाली आणि लघवी तासाला ९० मिलिलिटर होती. तेव्हा उपचार सुरू केले, पण पूर्ण ताकदीचे नाहीत. पहिल्या आठवड्यात सायक्लोफॉस्फामाइड, व्हिन्क्रिस्टिन आणि प्रेडनिसोलोन यांच्या सौम्य मात्रा देतात, म्हणजे गाठ एका रात्रीत न फुटता काही दिवसांत ओसरते. पूर्ण केमो त्यानंतर. ही पायरी बर्किटच्या उपचारपद्धतीतच बसवलेली आहे.

स्टेरॉइडबद्दल इथे थांबून सांगायलाच हवे. लिम्फोमा आणि रक्ताच्या काही कर्करोगांच्या पेशी नुसत्या स्टेरॉइडनेही झपाट्याने मरतात. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मूल आले होते. मानेच्या गाठी आणि दम लागणे यासाठी, निदान होण्याआधीच, त्याला कुठेतरी तीन दिवस डेक्सामेथासोनची इंजेक्शने दिली गेली होती. गाठी विरघळल्या, घरच्यांना बरे वाटले, आणि चौथ्या दिवशी लघवी बंद झाली. ते आमच्याकडे पोहोचले तेव्हा पोटॅशियम ७.४ होते. पाणी नाही, तपासण्या नाहीत, कोणाला कल्पनाही नाही, अशा अवस्थेत पूर्ण ट्यूमर लायसिस घडून गेले होते. सहा दिवस डायलिसिस लागले. मूल वाचले, पण निदानासाठीचा गाठीचा तुकडासुद्धा मिळेना, कारण गाठच उरली नव्हती.

सौम्य केमो सुरू झाल्यावर या मुलाचे रक्त दर सहा तासांनी तपासले, कारण बहुतेक वेळा पहिले १२ ते ७२ तास निर्णायक असतात. अठराव्या तासाला फॉस्फरस ९.१, कॅल्शियम ७.२, पोटॅशियम ५.७ आणि क्रिएटिनिन पुन्हा ०.९ आले. निवासी डॉक्टरांनी विचारले, "सर, कॅल्शियम लावू का?" मी मुलाला पाहायला गेलो. हातापायांत पेटके नव्हते, ओठांना मुंग्या नव्हत्या, ईसीजी ठीक होता. कॅल्शियम आणि फॉस्फरसच्या आकड्यांचा गुणाकार ६५ च्या वर जात होता. तो ६० च्या पुढे गेला की दोघांचे कण ऊतकांत साचण्याचा धोका वाढतो. त्या क्षणी शिरेतून कॅल्शियम देणे म्हणजे रिपोर्टमधला आकडा सुधारण्यासाठी मूत्रपिंडात चुना भरण्यासारखे झाले असते. पेटके, झटके किंवा हृदयाचा ठोका बिघडणे असेल तर कॅल्शियम द्यावेच लागते. नुसत्या आकड्यासाठी देऊ नये. फॉस्फेट आतड्यात बांधून ठेवणारे सेव्हेलॅमर जेवणासोबत सुरू केले, दूध आणि दुधाचे पदार्थ थांबवले, सलाइन तासाला १२० पर्यंत नेले.

चोवीसाव्या तासाला पोटॅशियम ६.३ आले. अशा वेळी नमुना खोटा तर नाही ना, हेही पाहतो. पांढऱ्या पेशी लाखांत असलेल्या रुग्णांत त्या नळीतच फुटून पोटॅशियम खोटे वाढलेले दिसते. या मुलाच्या पांढऱ्या पेशी मर्यादेत होत्या, म्हणून आकडा खरा मानला. सतत ईसीजी लावला, साल्ब्युटामॉलची वाफ आणि ग्लुकोजसोबत इन्सुलिन दिले. हे उपाय पोटॅशियमला काही तास पेशींच्या आत ढकलतात. शरीराबाहेर काढत नाहीत. म्हणून त्याच वेळी मूत्रपिंडतज्ज्ञांना बोलावून डायलिसिसची तयारी ठेवली. युरिक अ‍ॅसिडसाठी रासब्युरिकेजची दुसरी मात्राही त्याच सकाळी दिली.

डायलिसिस कधी करायचे, तर लघवी औषधांनीही पुरेशी होत नसेल, पोटॅशियम परत परत चढत असेल, फॉस्फेट आवरत नसेल, किंवा शरीरात पाणी साचून श्वासाला त्रास होत असेल तेव्हा, आणि तेही लवकर. नातेवाईक याला हार समजतात. इथे ते बहुधा काही दिवसांपुरतेच असते, कारण नलिका बुजल्या असल्या तरी मूत्रपिंडाची मूळ घडण सहसा टिकून असते. मात्र एकदा करून भागत नाही: पेशी फुटतच असतात, आणि फॉस्फेट ऊतकांतून रक्तात हळूहळू येत राहते. चार तासांच्या डायलिसिसनंतर आकडा खाली येतो आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा वर चढतो. म्हणून ते रोज, किंवा संथपणे चोवीस तास चालणाऱ्या पद्धतीने करावे लागते. जिथे ही सोय नाही तिथे जास्त धोक्याच्या मुलावर केमो सुरू करू नये, आधी हलवावे, असे माझे ठाम मत आहे.

या मुलाला डायलिसिस लागले नाही. तिसाव्या तासाला पोटॅशियम ५.४ झाले, फॉस्फरस ९.८ पर्यंत जाऊन तिसऱ्या दिवसापासून उतरू लागला, आणि आईच्या वहीत रात्रीचे आकडे पुन्हा तीनशेच्या वर दिसू लागले. पाचव्या दिवशी तपासण्या बारा तासांवर आणल्या, सलाइन कमी केले, आणि पोट इतके उतरले होते की वडिलांनी शाळेची पँट आणून त्याला घालून पाहिली. आठव्या दिवशी क्रिएटिनिन ०.५ होते, तेव्हा पूर्ण ताकदीची केमो सुरू केली. त्या वेळी पाणी आणि तपासण्या पुन्हा होत्या, पण फॉस्फरस ५ च्या वर गेला नाही, कारण फुटण्यासारखी गाठ फारशी उरलीच नव्हती.

आपल्या भाच्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्या हातात ते भांडे, ती वही आणि रोजचे वजन आहे. ठरलेल्या प्रमाणापेक्षा लघवी कमी दिसली, तर सकाळच्या राउंडची वाट न पाहता रात्री दोन वाजतासुद्धा नर्सला उठवावे.